रिस्पॉन्स स्पेक्ट्रम ॲनालिसिस: वर्गमूळ नेमकं कुठे घ्यायचं?

तपासणीसाठी माझ्याकडे आलेल्या एका एक्सेल शीटमध्ये ड्रिफ्टच्या रकान्यात `=D4-D5` असं सूत्र होतं. D4 म्हणजे टेरेसचं विस्थापन, D5 म्हणजे खालच्या स्लॅबचं. दोन्ही आकडे रिस्पॉन्स स्पेक्ट्रम केसच्या निकालातून उचललेले, म्हणजे आधीच वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेऊन आलेले. वजाबाकी बरोबर होती, तरी उत्तर चूक होतं, आणि चूक असुरक्षित बाजूला होती. शीट करणारा मुलगा हुशार होता. त्याला मोड शेप माहीत होते, पार्टिसिपेशन फॅक्टर माहीत होता. घोटाळा फक्त क्रमाचा होता.

या लेखात तो क्रमच लावून दाखवतो आहे. सॉफ्टवेअर कुठलंही असो, एक लहान इमारत एकदा हाताने सोडवली की कुठला आकडा कशापासून काढायचा नाही, हे पक्कं कळतं.

## तयारी: इमारत आणि गृहीतकं

पुण्यातली तळ + दोन मजल्यांची आरसीसी इमारत घेऊ. प्रत्येक मजला ३.२ मीटर, एकूण उंची ९.६ मीटर, प्लॅन १५ × १२ मीटर, भूकंपाची दिशा १५ मीटरच्या बाजूने. आयएस १८९३ (भाग १) च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार पुणे झोन ३ मध्ये येतं, म्हणून Z = ०.१६. माती मध्यम, I = १.०, स्पेशल मोमेंट फ्रेम असल्याने R = ५, डँपिंग ५ टक्के.

‘एवढ्याशा इमारतीला डायनॅमिक कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. स्टॅटिक पद्धतीवर थांबण्याची सूट या आवृत्तीत फक्त झोन २ मधल्या, १५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या नियमित इमारतींना आहे. पुण्यातल्या ९.६ मीटरच्या इमारतीला ती मिळत नाही.

## टप्पा १: वजन आणि कडकपणा

भूकंपाचं वजन म्हणजे सगळं डेड लोड आणि लाइव्ह लोडचा काही हिस्सा. लाइव्ह लोड ३ kN/m² पर्यंत असेल तर २५ टक्के, त्याहून जास्त असेल तर ५० टक्के, आणि टेरेसचं लाइव्ह लोड शून्य. आपल्या इमारतीत प्रत्येक स्लॅबला १९६२ kN धरू, म्हणजे बरोबर २०० टन वस्तुमान. एकूण W = ५८८६ kN. खरं तर टेरेस थोडी हलकी निघते. हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून तिन्ही सारखे ठेवले आहेत.

कडकपणा काढताना तडे गेलेला सेक्शन धरायचा: कॉलमला पूर्ण मोमेंट ऑफ इनर्शियाच्या ७० टक्के, बीमला ३५ टक्के. हे गुणक विसरले की इमारत कागदावर ताठ होते, पिरियड खोटा लहान येतो आणि ड्रिफ्टही कमी दिसतो. बीम वाकतात तेही जमेस धरून आपल्या इमारतीत प्रत्येक मजल्याचा कडकपणा k = १,२०,००० kN/m घेऊ.

तपासा: सॉफ्टवेअरने मोजलेलं एकूण मास आणि हाताने काढलेलं W/g जुळतंय का? न जुळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सेल्फ वेट दोनदा धरलं जाणं. एकदा एलिमेंटच्या मासमधून आणि पुन्हा डेड लोडमधून. असं झालं तर पुढचं काहीच बघू नका, आधी हे दुरुस्त करा.

## टप्पा २: मोड काढा आणि डोळ्यांनी बघा

सगळे मास सारखे आणि सगळे k सारखे असतील तर तीन मजल्यांसाठी थेट सूत्र आहे. सॉफ्टवेअरचं उत्तर ताडून बघायला ते फार उपयोगी पडतं:

```
ω(n) = 2 · √(k/m) · sin[(2n−1)·π/14]
√(k/m) = √(120000/200) = 24.49 rad/s
```

यातून ω मिळतात १०.९०, ३०.५५ आणि ४४.१४ रेडियन प्रति सेकंद. पिरियड आणि मोड शेप (टेरेसला १ धरून) असे:

| | मोड १ | मोड २ | मोड ३ |
|---|---|---|---|
| पिरियड (सेकंद) | ०.५७६ | ०.२०६ | ०.१४२ |
| टेरेस | १.००० | १.००० | १.००० |
| दुसरा स्लॅब | ०.८०२ | −०.५५५ | −२.२४७ |
| पहिला स्लॅब | ०.४४५ | −१.२४७ | १.८०२ |

आकड्यांच्या आधी आकार बघा. पहिल्या मोडमध्ये सगळे स्लॅब एकाच बाजूला झुकतात. दुसऱ्यात चिन्ह एकदा बदलतं, तिसऱ्यात दोनदा. तुमच्या मॉडेलमध्ये पहिलाच मोड पिळाचा निघाला, किंवा एखादा सुटलेला बीम एकटाच हलताना दिसला, तर पुढे जाऊ नका. ॲनिमेशन लावून बघायला अर्धा मिनिट लागतो, आणि मॉडेलमधल्या निम्म्या चुका तिथेच सापडतात.

## टप्पा ३: पार्टिसिपेशन फॅक्टर आणि मोडल मास

```
P(k) = Σ W·φ / Σ W·φ²
M(k) = (Σ W·φ)² / (g · Σ W·φ²)
```

पहिल्या मोडला Σφ = २.२४७ आणि Σφ² = १.८४१, म्हणून P = १.२२०. दुसऱ्याला −०.२८०, तिसऱ्याला ०.०६०. मोडल मास अनुक्रमे ९१.४, ७.५ आणि १.१ टक्के. बेरीज १००, कारण तीन स्लॅबच्या या मॉडेलमध्ये मोड तीनच आहेत आणि आपण तिन्ही घेतले.

दुसऱ्या मोडचा P उणे आला म्हणून बिचकू नका. मोड शेपचं चिन्ह आपल्या मर्जीचं असतं. अख्खा रकाना −१ ने गुणला तर P चंही चिन्ह उलटतं आणि दोघांचा गुणाकार होता तसाच राहतो. मात्र φ उलटा करून P जुनाच ठेवला, तर त्या मोडचं प्रत्येक बल उलट्या दिशेने लागतं. मोड शेप एका प्रिंटआउटमधून आणि P दुसऱ्या रनमधून घेणाऱ्यांच्या हातून हे होतं.

तपासा: कुठल्याही स्लॅबसाठी P·φ ची सगळ्या मोडवरची बेरीज १ यायला हवी. टेरेस: १.२२० − ०.२८० + ०.०६० = १.०००. पहिला स्लॅब: ०.५४३ + ०.३४९ + ०.१०८ = १.०००. ही एक ओळ जुळली की मोड शेप आणि P एकमेकांचेच आहेत, याची खात्री पटते.

घेतलेल्या मोडचं मास मिळून किमान ९० टक्के व्हायला हवं, असं कोड म्हणतो. आपला पहिला मोड एकटाच ९१.४ टक्क्यांवर आहे, म्हणजे नियमाने एका मोडवर थांबता आलं असतं. मी थांबत नाही. कारण टप्पा ६ मध्ये दिसेल.

## टप्पा ४: स्पेक्ट्रम वाचा

मध्यम मातीसाठी Sa/g असा आहे:

```
T < 0.10          : 1 + 15T
0.10 ≤ T ≤ 0.55   : 2.5
0.55 < T ≤ 4.0    : 1.36 / T
T > 4.0           : 0.34
```

पहिला मोड सपाट भागाच्या जरा पलीकडे पडतो: १.३६ / ०.५७६४ = २.३६. उरलेले दोन सपाट भागात, २.५. प्रत्येक मोडचा स्वतःचा Ah निघतो:

```
Ah = (Z/2) · (I/R) · (Sa/g) = 0.016 · (Sa/g)
```

म्हणजे ०.०३७७५, ०.०४ आणि ०.०४. स्टॅटिक पद्धतीच्या आलेखात शून्यापासूनच २.५ चा सपाट भाग सुरू होतो. इथे मात्र ०.१० सेकंदाच्या खाली चढती रेघ आहे. दोन आलेखांची अदलाबदल करू नका.

सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथल्या स्केल फॅक्टरचा होतो. फंक्शनमध्ये Z आधीच मिसळलेला आहे की नाही, हे बघितल्याशिवाय कुणाचा तरी जुना स्केल फॅक्टर चिकटवला जातो. फंक्शनचा आलेख उघडा आणि T = ०.२ ला काय दिसतंय ते वाचा. आपल्या इमारतीसाठी:

- २.५ दिसलं तर आत फक्त Sa/g आहे. स्केल फॅक्टर (Z/2)(I/R)g = ०.१५७ m/s².
- ०.४ दिसलं तर Z आत आहे. स्केल फॅक्टर Ig/2R = ०.९८१ m/s².
- ०.२ दिसलं तर Z/2 आत आहे. स्केल फॅक्टर Ig/R = १.९६२ m/s².

मॉडेल मिलिमीटरमध्ये असेल तर हे आकडे हजारपट होतील.

## टप्पा ५: प्रत्येक मोडचा हिशेब शेवटपर्यंत न्या

या टप्प्यावर घाई करू नका. प्रत्येक मोड ही स्वतंत्र इमारत आहे असं समजा. तिच्यावरची बलं काढा, त्यातून मजल्याचे शिअर, त्यातून ड्रिफ्ट, विस्थापन, बीमचे मोमेंट, कॉलमचे ॲक्सिअल, जे जे डिझाइनला लागणार आहे ते सगळं. चिन्हांसकट. अजून काहीही वर्ग करायचं नाही.

```
Q(i,k) = Ah(k) · φ(i,k) · P(k) · W(i)
```

पहिल्या मोडसाठी Ah·P·W = ०.०३७७५ × १.२२०४ × १९६२ = ९०.४ kN. टेरेसला φ = १, म्हणून ९०.४०, दुसऱ्या स्लॅबला ७२.४९, पहिल्याला ४०.२३. सगळी बलं kN मध्ये:

| बल | मोड १ | मोड २ | मोड ३ |
|---|---|---|---|
| टेरेस | ९०.४० | −२१.९८ | ४.६९ |
| दुसरा स्लॅब | ७२.४९ | १२.२० | −१०.५३ |
| पहिला स्लॅब | ४०.२३ | २७.४१ | ८.४४ |

आता त्याच मोडच्या आत वरून खाली बेरीज करत आलो की मजल्यांचे शिअर मिळतात. इथे साधी, चिन्हासकट बेरीजच बरोबर आहे, कारण एका मोडमधली सगळी बलं एकाच क्षणी कमाल होतात आणि त्यांची दिशा ठरलेली असते.

| शिअर | मोड १ | मोड २ | मोड ३ |
|---|---|---|---|
| दुसरा मजला | ९०.४० | −२१.९८ | ४.६९ |
| पहिला मजला | १६२.८९ | −९.७८ | −५.८४ |
| तळमजला | २०३.१२ | १७.६३ | २.६० |

तपासा: तळमजल्याचा शिअर = Ah × त्या मोडचं वजन. मोड २ साठी ०.०४ × ०.२२४६ × १९६२ = १७.६३. जुळलं.

ड्रिफ्टसाठी प्रत्येक शिअरला k ने भागा. दुसऱ्या मजल्याचा ड्रिफ्ट मोडनिहाय ०.७५३, −०.१८३ आणि ०.०३९ मिमी. खालून वर बेरीज केली की विस्थापनं. टेरेसचं: ३.८०३, −०.११८ आणि ०.०१२ मिमी.

## टप्पा ६: आता वर्गमूळ, आणि एका वेळी एकाच राशीचं

वेगवेगळे मोड एकाच क्षणी कमाल होत नाहीत. पहिला मोड टोकाला असेल तेव्हा दुसरा कुठे असेल हे स्पेक्ट्रम सांगत नाही. त्यात वेळ नसतो, फक्त कमाल आकडा असतो. म्हणून सरळ बेरीज करता येत नाही. वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ घेतो. यालाच एसआरएसएस म्हणतात.

दुसऱ्या मजल्याचा शिअर:

```
√(90.40² + 21.98² + 4.69²) = √8677 = 93.15 kN
```

त्याच रीतीने पहिल्या मजल्याचा १६३.२९ आणि तळमजल्याचा २०३.९० kN.

टप्पा ३ मध्ये एका मोडवर न थांबण्याचं जे म्हटलं होतं, ते इथे बघा. दुसऱ्या-तिसऱ्या मोडमुळे बेस शिअर २०३.१ चा २०३.९ झाला, जेमतेम ०.४ टक्के वाढ. पण वरच्या मजल्याचा ९०.४ चा ९३.१५ झाला, ३ टक्के. वरचे मोड बेसला दिसत नाहीत, वरच्या मजल्यांवर दिसतात. आणि इमारत जशी उंच होते तसा पहिला मोड स्पेक्ट्रमच्या उतारावर घसरत जातो, तर दुसरा सपाट माथ्यावरच राहतो. मग वरच्या मजल्यांवर त्याचा वाटा पटकन वाढतो.

एक्सेलमध्ये मोडचे आकडे B, C, D रकान्यांत असतील तर सूत्र हे:

```
=SQRT(SUMSQ(B5:D5))
```

हे नाही:

```
=SQRT(SUM(B5:D5)^2)
```

दुसऱ्या सूत्रात आधी साधी बेरीज होते, मग वर्ग, मग त्याचंच वर्गमूळ. म्हणजे साधी बेरीजच परत येते. आपल्या इमारतीत त्याने तळाला २०३.९ ऐवजी २२३.४ आणि वर ९३.१५ ऐवजी ७३.१ दाखवलं असतं. तळाचा आकडा मोठा दिसल्याने ‘सुरक्षित बाजूला आहे’ असं वाटून कुणी वर बघतही नाही, आणि नेमका वरचा मजला वीस टक्क्यांहून जास्त कमी पडतो.

### काढायचं ते आधी काढा, जोडायचं ते शेवटी

वर्गमूळ घेतलं की चिन्ह गेलं. त्या आकड्यांची पुन्हा आपसात बेरीज-वजाबाकी करायची नाही. हा एक नियम पाळला तर आठवड्याचे घोळ वाचतात. तो मोडला की काय होतं, याची दोन उदाहरणं.

सुरुवातीच्या त्या शीटचंच घ्या. आपल्या इमारतीत टेरेसचं एसआरएसएस विस्थापन ३.८०५ मिमी आणि दुसऱ्या स्लॅबचं ३.०५१. वजाबाकी ०.७५४. खरा ड्रिफ्ट, म्हणजे प्रत्येक मोडचा ड्रिफ्ट आधी काढून मग वर्गमूळ घेतलेला, ०.७७६ मिमी. फरक ३ टक्के, आणि तो कमी दाखवण्याच्या बाजूला. या बुटक्या इमारतीत ३ टक्क्यांनी काही बिघडणार नाही. पण तेच शीट पुढे वीस मजल्यांच्या टॉवरला वापरलं जातं, आणि वरच्या मजल्यांवर, जिथे ड्रिफ्टमध्ये वरच्या मोडचा वाटा मोठा असतो, तिथे फरक ३ टक्क्यांवर थांबत नाही. निकालांमध्ये ‘स्टोरी ड्रिफ्ट’ असा वेगळा तक्ता असेल तर तो घ्या. जॉइंट डिस्प्लेसमेंटची वजाबाकी करू नका.

दुसरं उदाहरण जास्त घातक आहे. ४ मीटरच्या बीमला आडव्या बलाने डाव्या टोकाला +८० आणि उजव्या टोकाला −८० kNm मोमेंट येतो असं समजा. खरा शिअर १६० / ४ = ४० kN. वर्गमूळ घेतल्यावर दोन्ही टोकांना +८० छापून येतं. हे दोन आकडे जोडले तर सरळ आडवी रेघ होते. कुणी त्या रेघेच्या उतारावरून शिअर काढला तर उत्तर शून्य! बीमचा शिअरसुद्धा प्रत्येक मोडमध्ये आधी काढून मगच एकत्र करायचा असतो. सॉफ्टवेअर तसंच करतं, म्हणून त्याने दिलेला शिअर घ्या. स्पेक्ट्रम केसच्या मोमेंट आलेखावरून हाताने काहीही काढायला जाऊ नका. तो आलेख समतोलात नसतोच. जॉइंटवरचे मोमेंट जुळत नाहीत म्हणून ‘सॉफ्टवेअरमध्ये बग आहे’ असा फोन मला वर्षातून दोनदा तरी येतो.

मग मजल्यावरची बलं हवी असतील तर? तिन्ही मोडची बलं वर्गमूळाने जोडली तर टेरेस ९३.१५, दुसरा स्लॅब ७४.२६, पहिला ४९.४१ मिळतात. त्यांची बेरीज २१६.८, बेस शिअरपेक्षा ६ टक्के जास्त. म्हणून कोड वेगळी वाट देतो: एकत्र केलेल्या शिअरच्या फरकातून बलं काढा. टेरेस ९३.१५, दुसरा स्लॅब १६३.२९ − ९३.१५ = ७०.१४, पहिला स्लॅब ४०.६१. इथे आपलाच नियम मोडलेला दिसतो, आणि खरंच मोडलेला आहे. ही बलं कुठल्याही एका क्षणाची नाहीत. फ्रेमला लावल्यावर मजल्यांचे शिअर बरोबर परत यावेत, एवढ्यासाठी ती जुळवून घेतलेली आहेत. त्या कामासाठी वापरा, त्यापुढे नाही.

## टप्पा ७: मोड जवळजवळ आहेत का?

खरं तर हे वर्गमूळ घेण्याआधी बघायचं असतं, पण वर्गमूळ का घेतो ते कळल्यावर हे सोपं जातं. ‘मोड एकाच क्षणी कमाल होत नाहीत’ हे गृहीतक दोन मोडची फ्रीक्वेन्सी लांब असेल तरच टिकतं. दोन फ्रीक्वेन्सींमधला फरक लहान फ्रीक्वेन्सीच्या १० टक्के किंवा त्याहून कमी असेल, तर कोड त्यांना जवळचे मोड म्हणतो.

आपल्या इमारतीत १०.९० आणि ३०.५५ कुठेच जवळ नाहीत, एसआरएसएस निर्धास्त चालतं. पण ही सपाट, एका दिशेची इमारत होती. त्रिमितीय मॉडेलमध्ये जवळजवळ चौरस प्लॅन आणि लिफ्टची भिंत जराशी एका बाजूला असेल, तर सरळ हलण्याचा मोड आणि पिळाचा मोड शेजारी-शेजारी येऊन बसतात. समजा दोघांच्या फ्रीक्वेन्सीचं गुणोत्तर β = ०.९५ आहे आणि कडेच्या एका फ्रेममध्ये दोन्ही मोड प्रत्येकी १०० kN शिअर देतात.

```
ρ = 8ζ²(1+β)β^1.5 / [(1−β²)² + 4ζ²β(1+β)²]
ζ = 0.05, β = 0.95  →  ρ = 0.79
```

एसआरएसएस म्हणेल १४१ kN. सीक्यूसी, जी मोडमधला हा संबंध ρ मधून धरते, म्हणेल:

```
√(100² + 100² + 2·0.79·100·100) = 189 kN
```

समोरच्या फ्रेममध्ये पिळाचं चिन्ह उलट असतं, म्हणजे १०० आणि −१००. तिथे एसआरएसएस पुन्हा १४१ म्हणतं, सीक्यूसी ६५. चिन्ह कळत नसल्यामुळे एसआरएसएस दोन्ही फ्रेमना सारखंच मोजतं, आणि ज्या फ्रेमला खरा मार बसणार आहे ती २५ टक्के कमी पडते.

लक्षात ठेवा: एक्स दिशेचे मोड आणि पिळाचे मोड वेगवेगळ्या यादीत लावून तपासू नका. सगळे मोड फ्रीक्वेन्सीच्या क्रमाने एकाच यादीत ठेवा आणि लागोपाठच्या जोड्या बघा. कुठे १० टक्क्यांच्या आत जोडी सापडली तर सीक्यूसी निवडा. हातानेच करायचं असेल तर त्या जोडीच्या आकड्यांची चिन्ह सोडून बेरीज करा, मग ती बेरीज बाकीच्या मोडबरोबर वर्गमूळात टाका.

सॉफ्टवेअर वापरत असाल तर सरळ सगळीकडे सीक्यूसी ठेवा, असं मी म्हणेन. मोड लांब असतील तर ρ आपोआप शून्याकडे जातो आणि उत्तर एसआरएसएसवरच येतं. आपल्या इमारतीत मोड १ आणि २ मधला ρ ०.००८ च्या आसपास आहे. एसआरएसएस हाताने तपासण्यासाठी ठेवा, कारण ते कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं.

## टप्पा ८: बेस शिअर ताडून बघा

सूत्राने येणारा पिरियड, विटांच्या भिंती धरून, ०.०९h/√d = ०.२२ सेकंद. त्यावर Sa/g = २.५, म्हणून स्टॅटिक बेस शिअर ०.०४ × ५८८६ = २३५.४ kN. आपला डायनॅमिक २०३.९. कमी आहे, म्हणून सगळी बलं वाढवायची:

```
235.4 / 203.9 = 1.155
```

मजल्यांचे शिअर झाले २३५.४, १८८.६ आणि १०७.६ kN. दोन्ही दिशांचा गुणक वेगळा येतो, तो त्या त्या दिशेच्याच केसला लावायचा. तक्त्यातला आकडा गुणून थांबू नका. लोड केसचा स्केल फॅक्टर बदला आणि पुन्हा चालवा, नाहीतर अहवालात बेस शिअर बरोबर आणि कॉलमचं डिझाइन जुन्याच बलांवर, असा प्रकार होतो. डायनॅमिक जास्त आला असता तर मात्र खाली आणायचा नाही.

ड्रिफ्टला हा गुणक लागत नाही. डायनॅमिक पद्धतीने आलेली विस्थापनं स्केल करू नयेत असं कोडमध्ये लिहिलं आहे, तरी अनेकजण वाढवलेल्या केसवरून ड्रिफ्ट वाचतात आणि उंच इमारतीत विनाकारण कॉलम मोठे करत बसतात. मी गुणक न लावलेली केस वेगळ्या नावाने ठेवतो, `RSX-D` अशी. आपल्या इमारतीत सगळ्यात मोठा ड्रिफ्ट तळमजल्याचा: २०३.९ / १२० = १.७० मिमी. मर्यादा ०.००४ × ३२०० = १२.८ मिमी.

## टप्पा ९: गेलेलं चिन्ह परत द्या

स्पेक्ट्रम केसचा प्रत्येक आकडा धन असतो. भूकंपाला दिशा नसते, म्हणून प्रत्येक कॉम्बिनेशनमध्ये तो दोन्ही चिन्हांनी यायला हवा:

```
1.2(DL + LL ± EL)
1.5(DL ± EL)
0.9DL ± 1.5EL
```

यातलं शेवटचं लोक विसरतात, आणि कोपऱ्यातल्या कॉलमखाली उचल येते की नाही हे तेच सांगतं. आयसोलेटेड फूटिंग असेल तर आधी तेच बघा. दुसरी दिशा ३० टक्के जोडताना आधी प्रत्येक दिशेतले मोड एकत्र करा, मग दिशा जोडा. आणि डेड लोड कधीही वर्गमूळाच्या आत टाकू नका. गुरुत्वाकर्षण कुठल्याही मोडची वाट बघत नाही, ते सतत असतं. ते बाहेरून साध्या बेरजेनेच जोडायचं.

कॉलममध्ये ॲक्सिअल आणि मोमेंट दोन्ही कमाल धरून चार चिन्हांच्या जोड्या तयार होतात. त्यातल्या काही जोड्या प्रत्यक्षात एकत्र येणारच नाहीत. तरी चारही तपासा. कुठली खरी हे वर्गमूळाने पुसून टाकलेलं असतं आणि आता ते शोधायला मागे जाता येत नाही. कमी ॲक्सिअल आणि जास्त मोमेंटची जोडी पुष्कळदा स्टील ठरवते, म्हणून फक्त ‘P कमाल’ ची ओळ बघून कॉलम पास करू नका.

पहिल्यांदाच करत असाल तर ही तीन स्लॅबची इमारत जशीच्या तशी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये उभी करा आणि एसआरएसएस निवडून निकाल काढा. मजल्यांचे शिअर ९३.१५, १६३.२९, २०३.९० आले पाहिजेत. सगळे एकाच पटीने चुकले तर स्केल फॅक्टर बघा. तळाचा जवळपास जुळतोय आणि वरचा चुकतोय, तर मोड किती घेतले ते बघा.